रुब्रिकमध्ये ३८, निकालात २८: कॅनव्हासचं असाइनमेंट पान वाचताना

प्रश्न: सर, मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीकडची. घरूनच मेलबर्नच्या एका विद्यापीठाचा ऑनलाइन पदव्युत्तर डिप्लोमा करते. प्लॅटफॉर्म कॅनव्हास आहे. ५० गुणांच्या निबंधाची मुदत रविवार १२ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:५९ दिसत होती. गावात रेंज नाही, म्हणून बेळगावात टिळकवाडीला मावशीकडे येऊन रात्री ९:४० ला पाठवला. Submitted! असं आलं. सोमवारी रात्री ११ वाजता संदर्भयादी दुरुस्त करून परत पाठवला. आता रुब्रिकमध्ये, म्हणजे निकषवार गुणांच्या तक्त्यात, विश्लेषण २०पैकी १५, पुरावे १५पैकी ११, मांडणी १०पैकी ८, संदर्भ ५पैकी ४, म्हणजे ३८ आहेत. पण ग्रेड २८! युनिट गाइडमध्ये उशिराला रोज १० टक्के कपात लिहिलीय, पण मी उशीर केलाच नव्हता. हे सगळं पानावर कुठं आणि कसं वाचायचं?

उत्तर: तुमचे दहा गुण उशिरापोटीच कापले गेलेत. पाच गुण रविवारच्या पाठवण्यात गेले आणि पाच सोमवारच्या. ट्युटरनं तुमच्या लिखाणाला ३८ दिलेत आणि ते ३८ तसेच आहेत. कपात कॅनव्हासनं आपोआप केली. ती बरोबर आहे की नाही हे तुम्हाला स्वतः तपासता यावं, म्हणून एकेक ओळ घेऊन सांगतो.

आधी वेळ. मेलबर्नमध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. २०२५ मध्ये तो रविवार ५ तारखेला आला. त्या दिवसापासून मेलबर्न आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे गेलं, त्याआधी साडेचार तास पुढे होतं. म्हणजे १२ ऑक्टोबरला तिथले रात्रीचे ११:५९ वाजले तेव्हा बेळगावात संध्याकाळचे ६:२९ वाजले होते. तुम्ही ९:४० ला पाठवलात तेव्हा तिकडे सोमवार उजाडून पहाटेचे ३:१० झाले होते. उशीर तीन तास अकरा मिनिटांचा.

मग पानावर ११:५९ का दिसत होतं? कॅनव्हास तारखा तुमच्या खात्यात जो टाइम झोन नोंदलेला असतो त्यानुसार दाखवतं. तुम्ही तो कधी बदलला नसेल तर विद्यापीठाचाच झोन लागू राहतो. लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ भारतीय आणि ब्राउझरमधलं कॅनव्हास मेलबर्नचं, असं होतं, आणि पान उघडल्यावर त्याची कुठलीही सूचना मिळत नाही. आपल्या भागातून बाहेरच्या विद्यापीठांचे ऑनलाइन कोर्स करणारी जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांच्यात सगळ्यात जास्त गुण याच एका गोष्टीत जाताना मी बघतो. अभ्यास झालेला असतो, निबंध तयार असतो, आणि गुण जातात घड्याळात. म्हणून हे इतकं लांबण लावून सांगतोय.

हे तुमच्याच पानावर आत्ता तपासता येईल. असाइनमेंट उघडा आणि उजव्या बाजूला Submission Details वर जा. तिथं पाठवल्याची तारीख आणि वेळ असते. ती वेळ तुमच्या आठवणीतल्या भारतीय वेळेशी जुळत नसेल, म्हणजे सोमवारी रात्री ११ ऐवजी `Oct 14 at 4:30am` अशी दिसत असेल, तर खातं मेलबर्नच्या वेळेवर आहे हे पक्कं. मुदत किती वाजताची आहे यावर डोकं खाजवण्यापेक्षा ही खूण खात्रीची, कारण आपण कधी पाठवलं हे आपल्याला ठाऊक असतं.

झोन बदलायला डावीकडच्या Account मधून Settings मध्ये जा, Edit Settings दाबा आणि Time Zone च्या यादीतून मुंबई किंवा कोलकाता निवडून Update Settings करा. त्यानंतर असाइनमेंटच्या माथ्यावर तीच मुदत अशी दिसेल:

```
Due Oct 12 by 6:29pm
```

तारखेवर माउस नेला की Local आणि Course अशा दोन्ही वेळा एकाखाली एक दिसतात. दोन्ही सारख्याच असतील किंवा दोन वेळा दिसतच नसतील, तर झोन अजून बदललेला नाही असं समजा. एक धोका मात्र यानंतरही राहतो. शिक्षक असाइनमेंटच्या मजकुरात किंवा जोडलेल्या पीडीएफमध्ये हातानं मुदत टाइप करतात, ‘रविवारी रात्री ११:५९ पर्यंत’ अशी. तो साधा मजकूर असल्यामुळे सेटिंग बदलून तो बदलत नाही, तो कायम तिथल्याच वेळेचा राहतो. माथ्यावर ६:२९ आणि खाली मजकुरात ११:५९ दिसलं तर माथ्यावरची ओळ धरायची.

त्याच माथ्यावर Due शेजारी बऱ्याचदा Available until असतं आणि त्याची तारीख पुढची असते. ती वाढीव मुदत नव्हे. Due उलटल्यावर पाठवलेलं उशिरा धरलं जातं, आणि Available until उलटल्यावर पाठवताच येत नाही. या दोन तारखांमधल्या दिवसांत पान तुमची फाइल आनंदानं घेतं, हिरवी खूण दाखवतं. त्यामुळे सगळं ठीक झालं असं वाटतं.

इथं Submitted! चा अर्थ नीट लक्षात घ्या. फाइल पोचली, एवढंच ते सांगतं. वेळेत पोचली की नाही हे वेगळ्या जागी असतं. त्यासाठी Grades च्या पानावर त्या असाइनमेंटच्या ओळीत late अशी पट्टी आहे का ते बघायचं. तुमच्याकडे ती रविवारी रात्रीच लागलेली असणार. तेव्हा ती दिसली असती तर सोमवारी वेगळा निर्णय घेता आला असता. मुदत उलटूनही काहीच पाठवलेलं नसेल तर तिथं missing असतं. आणि फाइल निवडली पण Submit Assignment दाबायचं राहिलं, किंवा अपलोड चालू असतानाच लाईट गेली, तर Submitted! येतच नाही. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला रेंज येते-जाते, तिथल्या मुलांना मी सांगतो की फाइल गेली असं वाटलं तरी पान एकदा बंद करून पुन्हा उघडा, Submission Details मध्ये आपल्या फाइलचं नाव आहे ना ते बघा, आणि फाइल डाउनलोड करून ती आपलीच शेवटची प्रत आहे याची खात्री करा. जुनी प्रत चुकून गेली असेल तर मुदतीच्या आतच कळायला हवी.

आता कपात. कॅनव्हासमध्ये शिक्षक उशिराचा नियम एकदाच भरून ठेवतात: दर दिवसाला किंवा दर तासाला इतके टक्के. तुमच्याकडे दिवसाला १० टक्के आहे. त्यातल्या दोन गोष्टी समजल्या की हिशेब कुणालाही जमतो.

पहिली गोष्ट, टक्केवारी असाइनमेंटच्या एकूण गुणांवर निघते, तुम्हाला मिळालेल्या गुणांवर नाही. ५० चे १० टक्के म्हणजे ५. मिळालेल्या ३८ वर काढले तर ३.८ येतात, आणि बरेच जण तसा हिशेब करून ‘गणित चुकलंय’ अशी तक्रार पाठवतात. दुसरी गोष्ट, अपुरा दिवस पूर्ण धरला जातो. मुदतीनंतर पाच मिनिटं झाली काय किंवा तेवीस तास झाले काय, कपात एका दिवसाचीच. रविवारी तुम्हाला तीन तास अकरा मिनिटं उशीर झाला होता, म्हणून एक दिवस, म्हणजे ५ गुण. तिथंच थांबला असता तर ३८ मधून ५ जाऊन ३३ राहिले असते. आधीच्या यादीमुळे संदर्भांत गुण कमी पडले असते तर त्याहून तेवढे कमी, त्याचा हिशेब पुढे करतो.

तुम्ही पुन्हा पाठवलात. कॅनव्हास उशीर मोजतं तो सगळ्यात शेवटी आलेल्या फाइलवरून. आधीच्या प्रयत्नाची वेळ मग विचारात घेतली जात नाही, मग तो प्रयत्न वेळेत आलेला असो की उशिरा. सोमवारी रात्रीचे ११ म्हणजे मेलबर्नमध्ये मंगळवारी पहाटेचे ४:३०. मुदतीपासून अठ्ठावीस तास एकतीस मिनिटं. एक दिवस पूर्ण होऊन दुसरा सुरू झाला, म्हणून दोन दिवसांची कपात, १० गुण. ३८ वजा १० म्हणजे तुम्हाला दिसणारे २८.

असाइनमेंटच्या पानावर उजवीकडे, ग्रेडच्या खालीच, ही कपात वेगळी लिहिलेली असते:

```
Grade: 28 (50 pts possible)
Late Penalty: -10
```

विद्यापीठानं नवी मांडणी चालू केली असेल तर जागा थोडी इकडंतिकडं असेल, पण उणे चिन्हाचा हा आकडा असतोच. ग्रेडमध्ये हा आकडा मिळवा. बेरीज रुब्रिकच्या एकूण गुणांइतकी आली तर फरक फक्त उशिराचा. तुमची ती येते. बेरीज जुळत नसेल तर दुसरी शक्यता बघायची. काही शिक्षक रुब्रिक फक्त अभिप्रायासाठी जोडतात आणि ग्रेड हातानं वेगळी भरतात. तेव्हा रुब्रिकची बेरीज आणि ग्रेड यांचा यंत्राच्या लेखी काहीच संबंध नसतो, आणि ट्युटरला विचारण्याखेरीज उपाय नसतो.

दिवस कुठं बदलतो हेही भारतीय घड्याळावर लिहून ठेवा. तुमच्या या असाइनमेंटसाठी तो मध्यरात्री बदलत नव्हता, संध्याकाळी ६:२९ ला बदलत होता. पहिला दिवस रविवारी ६:२९ ला सुरू होऊन सोमवारी ६:२९ ला संपला. तुम्ही सुधारलेली यादी सोमवारी दुपारी पाठवली असती, तर ती त्याच पहिल्या दिवसात बसली असती आणि जास्तीचा एकही गुण गेला नसता. पाच गुण आधीच गेले होते, त्यामुळे दुपारपर्यंतची दुरुस्ती फुकट होती. रात्रीच्या दुरुस्तीला पाच गुण पडले.

ते पाच गुण देऊन काय मिळालं, हे रुब्रिक सांगतं. आणि रुब्रिक गुण लागल्यावरच उघडायचं नसतं, याचं कारणही इथंच आहे. असाइनमेंटच्या मजकुराखाली तो तक्ता पहिल्या दिवसापासून असतो: डावीकडे निकष, मध्ये पातळ्यांचे चौकोन, उजवीकडे प्रत्येक निकषाचे जास्तीत जास्त गुण. तुमच्या तक्त्यात संदर्भांना मिळून ५ गुण आहेत. सुधारल्यावर त्यातले ४ मिळाले. आधीच्या यादीला समजा शून्यच मिळालं असतं, तरी दुरुस्तीनं चारच गुण हातात आले असते, आणि त्यासाठी पाच गेले. आधीच्या यादीला दोन-तीन तरी मिळालेच असते असं धरलं, तर मिळकत एक-दोन गुणांची उरते. कुठल्याही बाजूनं बघितलं तरी तो व्यवहार तोट्याचा होता. मुदत टळल्यावर परत पाठवायचं मनात आलं, तर जो भाग सुधारलाय त्याच्या निकषाचे कमाल गुण आणि आणखी एका दिवसाची कपात, हे दोन आकडे शेजारी लिहून बघा. तुमच्या असाइनमेंटमध्ये पूर्ण दिवस जास्तीचा देऊन परवडलं असतं ते फक्त विश्लेषण किंवा पुरावे बरेच सुधारले असते तर. मांडणीत आठ आलेलेच होते.

त्याच तक्त्यातला विश्लेषणाचा १५ हा आकडा माझ्या मते जास्त लक्ष देण्याजोगा आहे. अनेक विद्यापीठांच्या रुब्रिकमध्ये चौकोनात एक आकडा नसतो, टप्पा असतो, असा:

```
20 to >15 pts
15 to >10 pts
```

पहिल्या ओळीचा अर्थ असा की वरच्या पातळीत यायला १५ पेक्षा जास्त हवेत, नेमके १५ चालत नाहीत. नेमके १५ दुसऱ्या पातळीच्या माथ्याशी बसतात. तुमच्या तक्त्यातही असे टप्पे असतील, तर ट्युटरनं तुम्हाला दुसऱ्या पातळीतलं सगळ्यात वरचं स्थान दिलंय. त्यातून एवढं समजतं की काम त्या पातळीच्या वर्णनात पूर्ण बसतंय, पण वरच्या पातळीतली कुठली तरी एक अट राहिलीय. ती शोधायला दोन्ही चौकोनांतला मजकूर शेजारी ठेवून वाचा. बहुतेक वाक्यं सारखीच असतात, एखाद-दुसऱ्या गोष्टीचा फरक असतो. खालच्या चौकोनात ‘वेगवेगळी मतं मांडली आहेत’ आणि वरच्यात ‘मतांची तुलना करून स्वतःचा निष्कर्ष काढला आहे’, अशा प्रकारचा. पुढच्या निबंधात तेवढीच गोष्ट धरून काम करायचं. निकषाखाली सविस्तर वर्णन उघडायची सोय असेल तर तेही उघडून वाचा, ते मिटलेलं असतं म्हणून अनेकांच्या नजरेतून सुटतं. ट्युटरनं चौकोनाखाली शेरा लिहिला असेल तर तो Submission Details मध्ये Show Rubric दाबल्यावर दिसतो, किंवा Grades च्या यादीत त्या ओळीतल्या रुब्रिकच्या खुणेवर क्लिक केल्यावर.

आता या गुणांचं काय करता येईल ते सांगतो. रविवारचे पाच परत मिळतील असं मला वाटत नाही. टाइम झोन बघणं ही विद्यार्थ्याची जबाबदारी असं विद्यापीठं सहसा धरतात, आणि रेंज नव्हती हे कारण मुदतीआधी कळवलं असेल तरच त्याला वजन असतं. सोमवारच्या पाच गुणांबद्दल मात्र विचारून बघण्यासारखं आहे, कारण तिथं ट्युटरच्या हातात खरोखर काहीतरी आहे. कॅनव्हासमध्ये तुमचे दोन्ही प्रयत्न साठवलेले असतात. ट्युटर पहिला प्रयत्न उघडून त्यावर गुण देऊ शकतात, आणि उशिराच्या दिवसांचा आकडा दोनचा एक करू शकतात. तो हातानं बदलला की कपात आपोआप ५ वर येते. संदर्भांचे एखाद-दोन गुण कमी झाले तरी एकूण ३१-३२ च्या आसपास राहील, २८ पेक्षा जास्तच.

मेल छोटी असू द्या. युनिटचं नाव, असाइनमेंटचं नाव आणि विद्यार्थी क्रमांक सुरुवातीलाच लिहा. पहिला प्रयत्न कधी गेला आणि दुसरा कधी, हे मेलबर्नच्या वेळेत लिहा आणि कंसात भारतीय वेळ द्या. दुसऱ्या प्रयत्नात फक्त संदर्भयादी बदलली होती, निबंधाचा मजकूर तोच आहे, हे एका वाक्यात सांगा. मग विचारा की पहिला प्रयत्न ग्राह्य धरून एकाच दिवसाची कपात करता येईल का, युनिटच्या नियमात ते बसतं का. Submission Details चा स्क्रीनशॉट जोडा. टाइम झोनची तक्रार त्यात घालू नका. ती घातली की वाचणाऱ्याला वाटतं तुम्ही सगळी कपात माफ करून मागताय, आणि मग नकार येतो तो दोन्ही गोष्टींना मिळून. निकाल लागल्यावर फेरविचार मागायला मुदत असते, ती युनिट गाइडमध्ये किंवा मूल्यमापनाच्या नियमांत दिलेली असते. म्हणून मेल आजच पाठवा.

पुढच्या असाइनमेंटला तुम्हाला आधीच जास्तीची मुदत मिळाली, तर ती मेलवर मिळून भागत नाही. ती कॅनव्हासमध्ये तुमच्या नावावर भरली गेली की तुमच्या पानावरची Due तारीखच बदलते. मेल आली पण पानावर जुनीच तारीख दिसतेय, अशी स्थिती असेल तर कपात त्या जुन्या तारखेपासूनच लागेल. तेव्हा ट्युटरना लगेच उलट लिहून तारीख बदलून घ्या. आणि ५ एप्रिल २०२६ नंतरची मुदत असेल तर मेलबर्नची घड्याळं पुन्हा एक तास मागे आलेली असतील: तिथले रात्री ११:५९ म्हणजे बेळगावात संध्याकाळी ७:२९. खात्यातला टाइम झोन बदललेला असला की कॅनव्हास ही बेरीज-वजाबाकी स्वतः करतं, त्यामुळे ते सेटिंग मेल लिहायला बसण्याआधी करून टाका.